फोनसोबत गळ्यात पडलेला प्लॅन बंद करायचाय, पैसे किती परत येतील?

*"ताई, पोरीला लातूरला क्लासला ठेवलं, म्हणून 12 नोव्हेंबरला सोयाबीनचे पैसे आल्यावर तिला नवीन फोन घेऊन दिला. 4,198 रोख भरले अन् बाकी 2,000 चे 8 हप्ते. चार हप्ते गेले. परवा पोरगी घरी आली तेव्हा तिनं बिल वाचलं तर फोन 17,999 चा अन् त्याखाली 2,199 चा दोन वर्षाचा प्रोटेक्शन प्लॅन. मला कुणी विचारलं नव्हतं, नुसता ओटीपी सांगा म्हणाले. दुकानात गेलो तर म्हणतो बिल फाटलं, आता काही होत नसतं. उरलेले हप्ते थांबवू का? प्लॅन एकदाही वापरला नाही, मग पूर्ण पैसे परत मिळायला पाहिजेत ना?"*
*– एक वाचक, उदगीर तालुका, 1 एप्रिल*

भाऊ, आधी हप्त्याचं बोलते कारण तिथं चुकलं तर 2,199 च्या पायी त्याच्यापेक्षा जास्त जाईल. हप्ते अजिबात थांबवू नका. फायनान्स कंपनीनं तुमच्या नावावर 16,000 दुकानदाराला देऊन टाकलेत, आता ते तुमचं त्या कंपनीचं देणं आहे, प्लॅन चांगला का वाईट, विचारून लावला का न विचारता, ह्याच्याशी त्या हप्त्याला घेणंदेणं नाही. ठरल्या तारखेला खात्यात पैसे नसले की मॅन्डेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी, बाउन्स होतं, त्याचा दंड फायनान्सवाला लावतो अन् बँक आपला वेगळा लावते, आणि सिबिलमध्ये हप्ता चुकल्याची नोंद पडते ती पडतेच. उद्या पोरीचा नंबर कुठं लागला आणि शैक्षणिक कर्ज काढायचं झालं तर सहकर्जदार म्हणून तुमचंच सिबिल काढतील. तेव्हा 2,000 चा हप्ता जसा जातो तसा जाऊ द्या आणि प्लॅनचे पैसे प्लॅनवाल्याकडून वेगळे काढा.

फोन एकट्याचा असता तर रोख भरलेले वजा करून 13,801 उरले असते, म्हणजे 8 हप्ते साधारण 1,725 चे. तुमचा बसला 2,000 चा. महिन्याला 275 रुपयांचा फरक, आणि एवढा फरक कुणाच्या डोळ्यात येत नाही, म्हणूनच प्लॅन हप्त्यात घालून विकतात. रोखीनं 2,199 मागितले असते तर तुम्ही त्याच जागी नको म्हणाला असता.

आता दुकानदार जे म्हणला ते. मी स्वतः चार वर्षं एका मोबाइलच्या दुकानात काउंटरला होते, हे प्लॅन मी माझ्या हातानं विकलेत, म्हणून सांगते. दर महिन्याला किती फोनांमागं किती प्लॅन लावायचे ह्याचं टार्गेट असायचं, प्लॅनमागं मिळणारा पैसा फोनपेक्षा बरा असायचा, आणि गिऱ्हाइकानं प्लॅन रद्द केला की आमचं कमिशन उलटं कापलं जायचं. म्हणून कुणी रद्द करायला आलं की आम्हाला शिकवलेलं उत्तर एकच, सिस्टीममध्ये एन्ट्री झाली आता होत नाही. खरी गोष्ट अशी की रद्द करायचं का नाही हे बहुतेक वेळा दुकानदाराच्या हातातच नसतं. तो फक्त विकणारा, प्लॅन देणारी कंपनी तिसरीच असते, आणि करार तुमचा तिच्याशी झालेला असतो. त्यामुळं उदगीर ते लातूर एसटीनं चकरा मारून दुकानात भांडण्यात काही हाताला लागणार नाही, उलट दिवस जातात, आणि ह्या प्रकरणात दिवस म्हणजे पैसे, ते पुढं हिशोबात दिसेलच.

तर पहिलं काम, ही तिसरी कंपनी कोण ते शोधा. बिल घ्या आणि प्लॅनच्या ओळीत नीट बघा, तिथं प्लॅनचं नाव असतं, कधी त्याचं वेगळंच बिल असतं जे फोनच्या बिलामागं स्टेपल केलेलं असतं आणि आपण कधी उलटून बघत नाही. मग ज्या नंबरवर ओटीपी आला होता त्या फोनमध्ये 12 नोव्हेंबरपासून पुढच्या आठवड्याभराचे मेसेज बघा. त्यात एक मेसेज असा असतो की तुमचा प्लॅन चालू झाला, सर्टिफिकेट इथं बघा. ते सर्टिफिकेट म्हणजे तुमचा खरा कागद. पोरीला सांगा, ती दोन मिनिटात काढून देईल. मेसेज डिलीट झाला असेल तर प्लॅनच्या नावावरून कंपनीच्या अधिकृत साइटवर किंवा ॲपमध्ये आपला मोबाइल नंबर नाहीतर आयएमईआय टाकून बहुतेकदा ते परत निघतं.

आयएमईआय म्हणजे फोनचा 15 आकडी नंबर, `*#06#` डायल केलं की स्क्रीनवर येतो. तो सर्टिफिकेटवरच्या नंबराशी जुळवून बघा, एकेक आकडा. हे मी मुद्दाम सांगतेय कारण काउंटरवर गर्दीत एखादा आकडा चुकतो आणि ते कुणाला कळत नाही, जोपर्यंत स्क्रीन फुटून क्लेम लावायची वेळ येत नाही, आणि तेव्हा कंपनी म्हणते हा फोन आमच्याकडं नोंदलेलाच नाही. तुमच्या बाबतीत नंबर चुकीचा निघाला तर तुमची बाजू लई भक्कम होते, कारण ज्या फोनला कधी संरक्षण मिळालंच नाही त्याचे दिवस 'वापरले' असं कोण म्हणणार? तसं असेल तर पूर्ण 2,199 मागा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात एवढं लक्षात ठेवा, दोन्हीपैकी एक जुळला तरी तो बरोबर.

आता त्या सर्टिफिकेटवर तीन गोष्टी बघायच्या. प्लॅन विमा आहे का सर्व्हिसचा करार, संरक्षण कोणत्या तारखेला सुरू होतं, आणि रद्द करण्याचं कलम काय म्हणतं.

विमा का सर्व्हिस ह्याचा अंदाज बिलावरूनपण येतो. जीएसटीसाठी प्रत्येक वस्तूला एक कोड असतो, एचएसएन कोड म्हणतात, फोनच्या ओळीत तो 8517 असतो. प्लॅनच्या ओळीत 9987 नं सुरू होणारा कोड असेल तर तो दुरुस्ती-देखभालीचा करार, आणि 9971 नं सुरू होत असेल तर तो विम्याचा प्रकार. काही दुकानदार सगळ्याला एकच कोड ठोकून देतात, म्हणून शेवटचा शब्द सर्टिफिकेटचाच, त्यात विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर असेल तर विमा. फरक कामून महत्त्वाचा? कारण विम्याला विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयचे नियम लागतात आणि सर्व्हिसच्या कराराला त्याच्या स्वतःच्या अटी अन् ग्राहक कायदा. जून 2024 मध्ये आयआरडीएआयनं सर्वसाधारण विम्याचं जे मास्टर सर्क्युलर काढलं त्यात स्पष्ट आहे की किरकोळ ग्राहक आपली पॉलिसी कधीही रद्द करू शकतो आणि कारण द्यायची गरज नाही. पॉलिसी एका वर्षापर्यंतची असेल आणि क्लेम घेतलेला नसेल तर उरलेल्या दिवसांचा प्रीमियम परत, आणि वर्षापेक्षा मोठी असेल तर जी वर्षं अजून सुरूच झाली नाहीत त्यांचा परत. एवढं मात्र आहे की फोनच्या प्लॅनमध्ये खूपदा पॉलिसी प्लॅनवाल्या कंपनीच्या नावानं असते आणि आपण नुसते तिचे लाभार्थी, मग आधी त्या पॉलिसीच्या अटी बघाव्या लागतात.

दुसरी गोष्ट तारीख, आणि मला वाटतं तुमच्या पत्रातला खरा प्रश्न इथंच आहे. तुम्ही लिहिलंय की एकदाही वापरला नाही. भाऊ, वापरला नाही आणि उरला आहे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटारसायकलचा विमा वर्षभर काढला आणि अपघात झाला नाही म्हणून कुणी पैसे परत देत नाही, कारण ते वर्षभर जोखीम त्यांनी उचललेली असते. तसंच इथं, 12 नोव्हेंबरला फोन पोरीच्या हातात दिला आणि प्लॅन त्याच दिवशी चालू झाला असेल, तर 13 तारखेला स्क्रीन फुटली असती तरी त्यांना भरून द्यावी लागली असती. तेवढे दिवस गेले ते गेले. मागायचा हक्क आहे तो पुढच्या दिवसांचा. हे मनाला पटायला जड जातं, विशेषतः आपण तो मागितलाच नव्हता तेव्हा, पण ईमेल लिहिताना 'वापरला नाही म्हणून परत द्या' असं लिहिलं की कंपनी सरळ नाही म्हणते, आणि 'उरलेल्या मुदतीचे परत द्या' लिहिलं की त्यांना आपल्याच अटी उघडाव्या लागतात.

पण ह्याच तारखेत तुमच्या फायद्याचं पण काही निघू शकतं. फोनला बनवणाऱ्या कंपनीची एक वर्षाची वॉरंटी फुकटच असते. प्लॅन जर नुसती 'एक्स्टेंडेड वॉरंटी' असेल तर तो ती वॉरंटी संपल्यावर सुरू होतो, म्हणजे तुमच्या बाबतीत पुढच्या नोव्हेंबरात. मग आज 1 एप्रिलला त्याचा एक दिवससुद्धा खर्ची पडलेला नाही, तिथं तुमचं पूर्ण पैशाचं म्हणणं रास्त आहे आणि तसंच मागा. बरेच प्लॅन मिसळ असतात, तुटफूट पहिल्या दिवसापासून आणि वाढीव वॉरंटी दुसऱ्या वर्षी. सर्टिफिकेटवर प्रत्येक भागासमोर सुरू आणि संपण्याच्या तारखा वेगळ्या लिहिलेल्या असतात, त्या बघूनच ठरवा.

आता हिशोब करू, समजा तुमचा प्लॅन पहिल्या दिवसापासून तुटफुटीचा, सलग दोन वर्षांचा आहे. दोन वर्षं म्हणजे 730 दिवस, 2,199 ला 730 नं भागलं तर दिवसाला बरोबर तीन रुपये आणि वर थोडेसे पैसे. 12 नोव्हेंबर ते 1 एप्रिल 140 दिवस झाले. उरले 590. त्यांचे होतात 1,777 रुपये. आता अटीत रद्द करण्याची फी असू शकते, आपण 10 टक्के धरू, म्हणजे 178 गेले, हातात 1,599. जीएसटीचं पण बघावं लागतं, 2,199 मध्ये 18 टक्के कर धरला तर मूळ किंमत 1,864 आणि कर 335. काही कंपन्या परतावा मूळ किमतीवरच काढतात, मग तोच हिशोब 1,506 चा होतो आणि फी जाऊन 1,355. म्हणजे 1,355 ते 1,777 च्या मध्ये कुठंतरी आकडा यायला पाहिजे. त्याच्यापेक्षा फार खाली काही सांगितलं तर हिशोब लेखी मागा, किती दिवस धरले, फी किती, कर धरला का सोडला. आणि तोच प्लॅन तुमच्या स्वतःच्या नावच्या दोन वर्षांच्या विम्याचा निघाला तर आयआरडीएआयच्या नियमानं चालू वर्षाचे काही नाही पण दुसऱ्या वर्षाचे पूर्ण, म्हणजे साधारण 1,100.

कलमात असंही असू शकतं की पहिल्या ठराविक दिवसांत पूर्ण परत आणि नंतर प्रमाणात. ॲपलचंच बघा, ॲपलकेअर प्लसला 30 दिवसांच्या आत पूर्ण पैसे, नंतर उरलेल्या मुदतीच्या टक्क्यानं आणि त्यातून दिलेल्या सर्व्हिसची किंमत वजा. ती मुदत तुमची तर उलटून गेली, पण हे वाचणाऱ्या ज्यांनी परवाच फोन घेतलाय त्यांनी आजच सर्टिफिकेट उघडा. आणि काही प्लॅनमध्ये सरळ लिहिलेलं असतं की रद्द होणार नाही, पैसे परत नाहीत. तसं निघालं तरी तिथं थांबू नका, त्याचं पुढं सांगते.

आता एक गोष्ट विचारते, रागात नाही तर शांतपणे विचार करा. प्लॅन खरंच बंद करायचाय का? पोरगी होस्टेलवर राहते, फोन कॉटवरून पडतो, मेसच्या टेबलावरून पडतो. सर्टिफिकेटमध्ये बघा की स्क्रीन फुटली तर कितीदा आणि किती रुपयांपर्यंत भरून देतात, प्रत्येक क्लेमला तुमच्याकडून किती फी घेतात. मग लातूरच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून त्याच मॉडेलची स्क्रीन किती ला बसते ते विचारा. समजा ते 4,500 म्हणाले आणि क्लेमची फी 500 आहे, तर एकदा फुटली तरी तुमचे 4,000 वाचतात आणि परत मिळणारे 1,500 सोडायला हरकत नाही. उलट प्लॅन नुसत्या वाढीव वॉरंटीचा असेल, म्हणजे पडून फुटलं तर काहीच देत नसेल, तर माझ्या मते होस्टेलच्या पोरीला त्याचा उपयोग नाही, कारण तिचा फोन आतून बिघडण्याआधी खाली पडेल. चोरी बहुतेक प्लॅनमध्ये नसतेच, आणि क्लासच्या पोरांचे फोन चोरीला जातात जास्त, तेपण बघा. एवढं ध्यानात ठेवा की हे प्लॅन नवीन फोनसोबत किंवा सुरुवातीच्या थोड्या दिवसांतच मिळतात, एकदा रद्द केला तर ह्या फोनला परत घेता येईल असं धरू नका. आणि दुकानदार म्हणेल प्लॅन काढला तर वॉरंटी जाते, ते खोटं आहे, बनवणाऱ्या कंपनीची वर्षाची वॉरंटी तशीच राहते.

काढायचाच ठरला तर फोनवर बोलत बसू नका, ईमेल करा, आणि आजच करा. रद्द झाल्याची तारीख सहसा तुमची मागणी पोहोचली त्या दिवसाची धरतात. तुम्ही महिनाभर दुकानात हेलपाटे घातले तर 90 रुपये तसेच गेले आणि एसटीचं भाडं वेगळं. कस्टमर केअरला फोन केलात तरी तक्रार नंबर घ्या आणि त्याच दिवशी तो ईमेलमध्ये टाका. मजकूर एवढाच पुरे:

"माझा प्लॅन क्रमांक अमुक, फोनचा आयएमईआय अमुक, खरेदी 12 नोव्हेंबर, किंमत 2,199 रुपये. आजपर्यंत एकही क्लेम घेतलेला नाही. हा प्लॅन आजच्या तारखेपासून रद्द करून उरलेल्या मुदतीची रक्कम परत करावी. परताव्याचा हिशोब दिवसांसह लेखी कळवावा. प्लॅन विकताना त्याची माहिती दिली नाही आणि संमती घेतली नाही, त्याबद्दलची माझी तक्रार वेगळी आहे व ती मी सोडलेली नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका, ते का ते पुढं सांगते. सोबत बिल, सर्टिफिकेट आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो. ईमेल तुमच्या स्वतःच्या नावाच्या खात्यावरून, बिलावर तुमचं नाव आहे म्हणून. कंपनीचा पत्ता सर्टिफिकेटवरूनच घ्या. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिथं रिफंडच्या नावानं बसलेले लोक असतात, ते गोड बोलून ॲप टाकायला लावतात अन् खातं साफ करतात. पैसे परत यायला यूपीआय पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, स्क्रीन दाखवावी लागत नाही. ज्यानं हे मागितलं त्याचा फोन ठेवून द्या, आणि तोवर पैसे गेलेच असतील तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला 1930 लावा.

आता संमतीचं. तुम्ही ओटीपी दिला, आणि कंपनी म्हणेल तोच पुरावा की तुम्ही हो म्हणाला होता. हे अवघड आहे हे मी लपवत नाही. पण ओटीपी कर्जाचा होता का प्लॅनचा, त्याच्या मेसेजमध्ये काय लिहिलं होतं, हे बघायला पाहिजे. आणि फायनान्स कंपनीकडं एक कागद मागा, त्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात, छोटं नाव केएफएस. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर झालेल्या प्रत्येक नवीन किरकोळ कर्जाला तो द्यावाच लागतो असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, आणि विम्यासारखे तिसऱ्याचे पैसे कर्जातून घेतले तर ते त्यात वेगळे दाखवावे लागतात. त्यात नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. ईमेलनं एक ओळ टाका, माझ्या कर्जाची केएफएस आणि करारनाम्याची प्रत द्या. त्यात 2,199 चा मागमूस नसेल, सगळे 16,000 नुसते फोनचे म्हणून दाखवले असतील, तर तुमच्या हातात बोलायला कागद आला. फायनान्सवाल्यानं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते, फुकट, आणि 14448 वर विचारता पण येतं.

प्लॅनवाली कंपनी गप्प बसली, किंवा 'रद्द होत नाही' एवढंच म्हणाली, तर 1915 ला फोन करा, ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं, `consumerhelpline.gov.in` वर कागद जोडून लिहिता पण येतं. ते निकाल देत नाहीत, कंपनीला तक्रार पाठवून उत्तर घेतात, पण माझा अनुभव आहे की जे दोन महिने ईमेलला उत्तर देत नव्हते ते इथून तक्रार गेली की फोन करतात. प्लॅन विमा निघाला तर त्याची तक्रार विमा कंपनीकडं लेखी करून मग आयआरडीएआयच्या 155255 वर.

त्याच्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग, लातूरचा. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मुदत दोन वर्षांची. प्लॅन घेतल्याशिवाय फोन देणार नाही असं म्हणाले असतील तर 2019 च्या ग्राहक कायद्यात त्याला नाव आहे, प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा, आणि 'कधीच रद्द होणार नाही' असली एकतर्फी अट अन्यायकारक आहे का हे तपासून घेण्याची वाट पण त्याच कायद्यात आहे, फक्त अशी अट राज्य आयोगापुढं न्यावी लागते. तुमच्या पत्रात असं आहे की विचारलंच नाही, म्हणजे दिशाभूल करून विकणं, हा मुद्दा जिल्ह्यालाच चालतो. पण खरं सांगू का, 1,599 हातात येत असतील तर ते आधी घ्या आणि राहिलेल्या 600 साठी आयोगात तारखा करायच्या का ते नंतर ठरवा. म्हणून तर ईमेलमध्ये ते शेवटचं वाक्य लिहायला सांगितलं, उरलेल्या मुदतीचे पैसे घेतले म्हणजे तक्रार मिटली असं त्यांना म्हणता येऊ नये. 'पूर्ण आणि अंतिम समाधान' असं काही लिहून सही मागितली तर सही करण्याआधी थांबा.

आणि पैसे नेमके कुठं येतील ते आधी विचारून घ्या, कारण इथं लोक गोंधळतात. हप्त्यावर घेतलेल्या वस्तूचा परतावा काही वेळा तुमच्या बँक खात्यात येतो आणि काही वेळा सरळ कर्जखात्यात जमा होतो. कर्जखात्यात गेला तर तुम्हाला मेसेज एक येईल आणि हप्ता मात्र तसाच 2,000 चा कापत राहील, मग वाटतं फसवलं. तुमचे चार हप्ते म्हणजे 8,000 बाकी आहेत, त्यात 1,599 जमा झाले तर बाकी 6,401 राहायला पाहिजे, म्हणजे तीन हप्ते पूर्ण आणि शेवटचा 401 चा. फायनान्सवाल्याच्या ॲपमध्ये कर्जाचं स्टेटमेंट काढून तो आकडा बघा, दिसत नसेल तर परतावा कुठं धरला ते लेखी विचारा. शेवटचा हप्ता झाला की कर्ज बंद झाल्याचं पत्र काढा आणि त्याच महिन्यात मॅन्डेट बंद झालं का ते बँकेत बघा, पण शेवटचा हप्ता 401 चाच कापणार ना हे त्याच्या आधीच लेखी विचारून घ्या, नाहीतर 401 ऐवजी पूर्ण 2,000 कापून घेतात आणि मग त्या 1,599 साठी परत पहिल्यापासून ईमेल.